आधी त्याला फोन कर

तुझा मेसेज दोनदा वाचला. त्यात मॅनेजरसाहेबांना काय वाटलं असेल, यावर पानभर लिहिलंयस आणि ज्या दादाने तुला आतली बातमी दिली त्याच्याबद्दल जेमतेम एक ओळ. मला राग आलाय तो एवढ्याचसाठी.

झालं ते नीट बघ. त्याच्या टीममधला एक जण सोडून चाललाय, जागा निघणार आहे, हे दादाने तुला विश्वासाने सांगितलं. टीमला ते अजून माहीत नाही. तू त्याला लिहायला गेलीस, 'तुम्ही म्हणालात तसं ते जाणार असतील तर सीव्ही आत्ताच पाठवू का?' आणि तो मेसेज गेला त्याच कंपनीतल्या, त्याच नावाच्या मॅनेजरला, ज्यांचं कार्ड तू प्रदर्शनात घेतलं होतंस. घाबरून 'डिलीट फॉर मी' दाबलंस. म्हणजे तुझ्या फोनवरून तो गेला, त्यांच्याकडे मात्र तसाच आहे. 'अनडू' दाबायला काही सेकंदच मिळतात, तेही हातचे गेले. आणि 'डिलीट फॉर एव्हरीवन' जमलं असतं, तरी मेसेज काढल्याची खूण मागे राहतेच. त्यांनी तो वाचलाच असेल, असं धरून चाल.

मग तू काय केलंस? त्यांना चार वेळा सॉरी म्हणालीस. चौथ्या वेळी तर भावाने फोन हाताळला, असंही लिहिलंस. अगं, त्यांचं नुकसान काय झालं? काहीच नाही. त्यांना एक बातमी मिळाली, इतकंच. अडचणीत आला तो दादा. 'तुम्ही म्हणालात तसं' हे शब्द वाचून, ते कोणासाठी होते हे ओळखायला त्यांना कितीसा वेळ लागणार? आणि अजून त्या बिचाऱ्याला काहीच माहीत नाही!

ज्याचं नुकसान झालं, त्याला आधी सांगायचं. ज्याची भीती वाटते त्याला नाही. मी हे वर्षानुवर्षं सांगत आलोय.

माझ्याबाबतीत हे घडलंय. एका मुलाला मी अशीच एक गोष्ट खासगीत सांगितली होती. ती फुटली आणि मला कळली थेट साहेबांच्या केबिनमध्ये, सगळ्यांसमोर. त्याने आदल्या रात्री फोन केला असता, तर सकाळी मीच साहेबांकडे जाऊन बोललो असतो आणि गोष्ट तिथेच मिटली असती. त्याला ते माहीत होतं, पण लाज वाटली म्हणून गप्प बसला. मी पुढे त्याच्याशी संबंध ठेवला नाही. लोक म्हणाले, फार ताणतोस. ताणलं, आणि आजही मला ते योग्यच वाटतं. फुटलेल्या गोष्टीचं मला काही नव्हतं, माणसाच्या हातून निसटतं. माझा एक दिवस हातात होता, तो त्याने माझ्याकडून काढून घेतला. मुलगा हुशार होता, याचं मात्र वाईट वाटतं.

म्हणून मेसेज लिहीत बसू नकोस, दादाला फोनच कर. 'दादा, तुम्ही जागेबद्दल सांगितलं त्यावर मी लिहिलेला मेसेज चुकून तुमच्या मॅनेजरना गेला. मजकूर असा होता. काल रात्रीच गेलाय, काढता आला नाही. त्यानंतर मी त्यांना खोटं कारणही दिलं. आता तुम्ही सांगाल तसं करते.' एवढंच. मजकूर जसाच्या तसा सांग, सौम्य करू नकोस, कारण साहेबांनी विचारलं तर त्याला नेमकं तेवढंच माहीत असायला हवं. भावाची थाप तर लपवूच नकोस, नाहीतर तो एक सांगेल आणि तुझं लेखी दुसरंच असेल. रडू नकोस. तू रडलीस की तो स्वतःचं सोडून तुला समजावत बसेल.

मॅनेजरसाहेबांना पुन्हा लिहायचं की नाही, हे त्याला ठरवू दे. तो 'थांब' म्हणाला तर थांब. 'लिही' म्हणाला तर दोनच वाक्यं लिही: मेसेज चुकून आला, भावाचं कारण खरं नव्हतं, क्षमस्व; त्यातली गोष्ट माझी सांगायची नव्हती, कृपया आपल्यापाशीच ठेवावी. उत्तर आलं नाही तर मागे लागू नकोस. आणि त्या जागेसाठी तुझं नाव पुढे करायला दादाला आत्ता मुळीच सांगू नकोस. जाहिरात निघाली की इतरांसारखा अर्ज कर.

कदाचित तो चिडेल. कदाचित यापुढे तुला आतलं काही सांगणारही नाही. तो त्याचा हक्क आहे, त्यावर वाद घालायचा नाही. पण आपल्याला वेळेत कळवलं होतं, हे त्याच्या लक्षात राहील आणि पुढे कधी कामाचं काही घेऊन गेलीस तर तो फोन उचलेल.

दोन्ही नंबर आडनाव आणि हुद्द्यासकट सेव्ह कर, पण ते नंतर. आता साडेनऊ झालेत, तो जेवून मोकळा झाला असेल. उद्या सकाळी तो ऑफिसात पोचायच्या आत त्याला कळायला हवं. मला उत्तर लिहीत बसू नकोस, त्याला फोन लाव.