स्लिंकी जास्त ताणली तर स्पंद लवकर पोचतो का?

सर, आपल्या मराठवाड्यातल्या बऱ्याच वर्गांत शहाबादी फरशी असते, तिच्यावरच स्लिंकी ताणा. पोरांना आधी विचारा, दुप्पट ताणली तर स्पंद पलीकडं किती वेळात पोचेल?

समजा स्प्रिंगचं वस्तुमान 0.2 किलो आणि ताठरता मीटरला 0.8 न्यूटन आहे. 3 मीटर ताणली की ताण 2.4 न्यूटन. या ताणाला दर मीटरच्या वस्तुमानानं भागून वर्गमूळ काढलं, की वेग येतो सेकंदाला 6 मीटर. आता 5 मीटर ताणा. ताण वाढून 4 न्यूटन होतो, वेढे विरळ झाल्यानं दर मीटरचं वस्तुमानही घटतं, आणि वेग 10 मीटर होतो. पण वेळ? दोन्हीकडं अर्धा सेकंदच! हे मला फार आवडतं.

स्प्रिंगची मूळ लांबी ताणलेल्या लांबीपुढं नगण्य असेल तरच हे जमतं, म्हणून एक मीटरवर करू नका. एक फेरी मोजणं अवघड. स्पंद दोनदा जाऊन येईपर्यंतचा वेळ घ्या आणि चारनं भागा. तो आधीच विरला तर फरशी झाडून घ्या.

वेळ अचानक घटला तर पोरांचे हात बघा. मुठीत अर्धे वेढे धरले, तर उरलेल्या स्प्रिंगचं वस्तुमान निम्मं आणि ताठरता दुप्पट होते, त्यामुळं वेळ निम्मा होतो.