सोमवारची पहाट आणि उलटी फिरणारी पाळी

«आदरणीय ताई, मी वाळूजच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. विभाग रविवारीही चालतो आणि पाळी दर सोमवारी बदलते: तिसरी, मग दुसरी, मग पहिली. सोमवारी माणसे उशिरा येतात, डुलक्या घेतात. मी मीटिंग घेऊन विचारले, तर कोणी तोंड उघडले नाही. गेल्या महिन्यात एका चांगल्या मुलाला मशीनवर झोपल्याबद्दल मेमो दिला, तेव्हापासून तो माझ्याकडे पाहतही नाही. माझे वडील गिरणीत तिसऱ्या पाळीला जात, त्यामुळे हे मनाला फार लागते. मी काय करू? — एक सुपरवायझर»

प्रिय सुपरवायझर,

मी बरीच वर्षे कामगार कल्याण अधिकारी म्हणून नोकरी केली. त्यांपैकी काही वर्षे नाशिकजवळच्या एका ॲल्युमिनियम डाय-कास्टिंगच्या कारखान्यात गेली. तेथे तुमच्यासारखेच एक सुपरवायझर होते. कामगार त्यांना नुसते ‘साहेब’ म्हणत, म्हणून मीही येथे तसेच म्हणते. त्यांची गोष्ट सविस्तर सांगते, कारण तुमची पाळी ज्या क्रमाने फिरते, अगदी त्याच क्रमाने त्यांचीही फिरत होती.

साहेबांनीही आधी कँटीनमध्ये सभा घेतली होती. टाइम ऑफिसचा कारकून शेजारी वही उघडून बसला होता आणि मागच्याच आठवड्यात तिघांना मेमो मिळाले होते. ‘कोणाला काही अडचण आहे का?’ या प्रश्नावर साठ-सत्तर माणसांतून एकही हात वर झाला नाही. त्याचे साहेबांना वाईट वाटले आणि रागही आला. मला विचाराल, तर त्या वहीसमोर बोलणारा माणूस भोळाच म्हणावा लागला असता.

पुढे जे घडले, त्याची सुरुवात रिजेक्शनच्या रजिस्टरने झाली. तासातासाच्या नोंदी चाळताना साहेबांच्या लक्षात आले की, कोल्ड शट हा दोष सोमवारी सकाळच्या पहिल्या दोन-तीन तासांत वाढतो. वितळलेल्या धातूचे दोन प्रवाह डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात, एकमेकांना भेटतात, पण डाय पुरेशी गरम नसेल तर ते एकजीव होत नाहीत आणि त्या जागी केसासारखी बारीक रेघ राहते. फर्नेसचे तापमान तर रोजचेच होते. मग डाय थंड का पडत होती? ऑपरेटर स्प्रे मारतो, डाय बंद करतो, धातू ओततो, शॉट मारतो आणि तुकडा बाहेर काढतो. या हालचालींची लय एकसारखी असेल, तरच डायची उष्णता टिकते. डोळ्यांवर झापड असलेल्या माणसाचे दोन शॉटमधले अंतर कधी कमी, कधी जास्त होते, आणि ते लांबले की डाय निवते. म्हणजे रजिस्टरमधल्या त्या नोंदी धातूच्या नव्हत्या, माणसांच्या झोपेच्या होत्या.

त्या रविवारी साहेब दुसऱ्या पाळीबरोबर रात्री दहापर्यंत थांबले आणि सोमवारी सकाळी सहाला पुन्हा गेटवर उभे राहिले. तीच माणसे परत येताना त्यांनी पाहिली. सगळे ज्यांना मामा म्हणत, ते एक वयस्कर ऑपरेटर सिन्नरहून येत. साहेब त्यांच्या मशीनजवळ गेले, हातमोजे घातले, गरम तुकडा चिमट्याने उचलून ट्रेमध्ये ठेवू लागले आणि काम चालू असतानाच त्यांनी विचारले, “मामा, काल घरी किती वाजता पोचलात?” अडचण काय आहे, असे त्यांनी विचारले नाही. मामांनी हातमोजा न काढता बोटांवर हिशेब मांडला: “दहाला सुटलो. पंचिंगची रांग संपेपर्यंत बस हलत नाही, ती दहा-वीसला निघाली. पावणेबाराला घर. जेवून साडेबाराला पडलो. पावणेचारला उठलो, कारण पावणेपाचची बस. साहेब, पाळी वाईट नाही हो, पाळी बदलते तो दिवस वाईट.”

सव्वातीन तासांची झोप. साहेब त्या दिवशी माझ्याकडे आले, तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. ते म्हणाले, “गेली चार वर्षे हा तक्ता मीच सही करून लावतो.”

आम्ही दोघे तो तक्ता घेऊन बसलो. सहा, दोन आणि दहा अशा पाळ्या. रविवारी दुसऱ्या पाळीतून रात्री दहाला सुटलेला माणूस सोमवारी सकाळी सहाला पहिल्या पाळीला हजर, म्हणजे मध्ये आठ तास. तिसऱ्या पाळीतून सोमवारी सकाळी सहाला सुटलेला त्याच दिवशी दुपारी दोनला दुसऱ्या पाळीला, म्हणजे पुन्हा आठच तास. बसचा वेळ याच आठ तासांतला. ज्यांची साप्ताहिक सुटी रविवार-सोमवारच्या आसपास येई ते वाचत, पण मशीन सातही दिवस चालावे म्हणून सुट्या वारांवर वाटलेल्या होत्या आणि मधल्या वारी सुटी असणाऱ्यांना हा फटका दर खेपेला बसे.

तोच क्रम उलटा केला, म्हणजे पहिलीनंतर दुसरी आणि दुसरीनंतर तिसरी असा लावला, तर रविवारी दुपारी दोनला सुटलेला माणूस सोमवारी दुपारी दोनला येतो आणि रात्री दहाला सुटलेला सोमवारी रात्री दहाला. दोन्ही वेळा पूर्ण चोवीस तास मिळतात. शिवाय बहुतेक माणसांच्या शरीराचे आतले घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित लांब असते, म्हणून झोपेची वेळ पुढे ढकलणे अलीकडे ओढण्यापेक्षा सोपे जाते. रोज थोडे उशिरा झोपायची सवय सहज लागते, लवकर झोपायची लावून घ्यावी लागते, हा तर आपल्या घरातलाही अनुभव आहे.

मात्र पुढे फिरणाऱ्या क्रमात एक गाठ असते आणि ती आधी सोडवल्याशिवाय नवा तक्ता लावू नका. तिसरी पाळी सोमवारी सकाळी सहाला संपते आणि पहिली त्याच क्षणी सुरू होते, त्यामुळे तिसरीतून पहिलीत जाणाऱ्याला मध्ये एक मिनिटही मिळत नाही. रविवारची रात्र त्याला मोकळी द्यावीच लागते. व्यवस्थापकांनी लगेच विचारले की, एका रात्रीचे उत्पादन कोण भरून देणार? त्याचे उत्तरही एका कामगारानेच दिले. डायच्या देखभालीसाठी आम्ही दर बुधवारी पहिल्या पाळीत मशीन बंद ठेवत असू. तो म्हणाला, “तो बंद रविवारच्या रात्रीवर न्या.” फर्नेस नुसती होल्डिंगवर, म्हणजे धातू वितळलेला राहील एवढीच गरम ठेवायची, टूलरूमने रात्री डाय दुरुस्त करायच्या आणि सोमवारी सकाळी सहाला मशीन तयार. टूलरूमच्या फिटरांना अर्थातच ही रात्रपाळी आवडली नाही. त्यांची आळीपाळी ठरवून बदली सुटी दिली, तेव्हा ते राजी झाले, खूश मात्र नव्हते.

दुसरा विरोध खुद्द कामगारांकडून आला आणि साहेबांना तो अनपेक्षित होता. जुन्या क्रमात पहिलीतून तिसरीत जाताना रविवारी दुपारपासून सोमवारी रात्रीपर्यंत सलग बत्तीस तास मिळत, आणि त्याला सुटी जोडून आली की पेठ-सुरगाण्याकडची मुले गावी जाऊन शेतीचे काम उरकून येत. नव्या तक्त्यात ती मोठी सवड गेली. साहेबांचा पहिला विचार असा होता की, आपण यांच्या भल्याचे करतो आणि हेच अडवतात. मी त्यांना एवढेच म्हटले की, मामांचे ऐकले तसेच यांचेही ऐका. मग असे ठरले की, तिसरीतून पहिलीत येणाऱ्यांपैकी निम्म्यांची सुटी आळीपाळीने सोमवारी लावायची आणि त्यांच्या जागी रिलीव्हर द्यायचा. ज्याची पाळी येई, तो रविवारी सकाळी सहाला सुटला की थेट मंगळवारी सकाळी सहाला कामावर येई. अठ्ठेचाळीस तास मिळत. गावाकडच्या मुलांनी आपसात अदलाबदल करून पेरणीच्या आणि कापणीच्या दिवसांत ही सवड वापरली.

हे सारे होण्याआधी साहेबांनी एक छोटे काम केले होते, आणि तक्ता बदलण्याइतकेच ते मला महत्त्वाचे वाटते. मामांशी बोलणे झाले त्याच आठवड्यात त्यांनी आणखी एक पंचिंग मशीन गेटच्या दुसऱ्या बाजूला बसवून घेतले आणि बस दहा-पाचला सोडायला लावली. पंधरा मिनिटांचा फरक. पण आपण बोललो आणि काहीतरी हलले, हे माणसांनी डोळ्यांनी पाहिले, आणि नंतरच ती तक्त्याबद्दल मोकळेपणाने बोलू लागली.

ही 2009 सालची गोष्ट आहे. त्या वेळी कामाचे तास किंवा पाळीची पद्धत बदलायची, तर औद्योगिक विवाद कायदा, 1947 च्या कलम 9-अ प्रमाणे साधारणपणे एकवीस दिवसांची नोटीस लागे, आणि कारखाने कायदा, 1948 प्रमाणे कामाच्या वेळांचा नवा तक्ता फलकावर लावून निरीक्षकालाही आधी कळवावे लागे. आम्ही युनियनशी लेखी करार करूनच पुढे गेलो. आता कामगार कायद्यांची रचना बदलली आहे, म्हणून आज लागू असलेली पद्धत तुमच्या पर्सोनेल खात्याकडून लेखी मागून घ्या आणि युनियनला वगळून एक पाऊलही टाकू नका. तोंडी सुरू केलेला चांगला बदल पहिल्या तक्रारीलाच बंद पडतो.

बदल तीन महिने करून पाहायचा, असे ठरले होते, कारण तीन आठवड्यांचे एक चक्र आणि बारा आठवड्यांत चारच चक्रे होतात. पहिले चक्र गोंधळाचे गेले. दोघे चुकीच्या पाळीला आले आणि ‘जुनेच बरे होते’ असे पुष्कळ जण म्हणाले. तिसऱ्या चक्रापासून सोमवारी सकाळचे कोल्ड शट कमी होऊ लागले आणि उशिरा येणाऱ्यांची यादी आखडली. तिसऱ्या पाळीतल्या पहाटे तीन ते पाच या वेळेतल्या चुका मात्र फारशा हटल्या नाहीत. त्या वेळी शरीराचे तापमान सर्वांत खाली असते आणि दिवसाची झोप रात्रीइतकी लांबत नाही. तक्ता कसाही फिरवा, रात्र ही रात्रच राहते. तेव्हा अवघड डाय बदलण्याचे काम त्या दोन तासांत काढायचे नाही, एवढे साहेबांनी ठरवून घेतले.

तुम्ही सभा पुन्हा घेऊ नका. येत्या सोमवारी सकाळी मशीनवर जा, एका वेळी एकाच माणसाशी बोला आणि रविवारी तो किती वाजता घरी पोचला व किती वाजता उठला, एवढेच विचारा. हातात वही नको, नावे लिहू नका. चार-पाच जणांचे ऐकले की तक्ता घेऊन प्रत्येकाच्या दोन पाळ्यांमधले तास मोजा आणि त्यांतून बसचा वेळ वजा करा. जी लहान गोष्ट तुमच्या अधिकारात आहे, ती त्याच आठवड्यात करून टाका.

आणि त्या मुलाचे. तो ज्या दिवशी झोपला, त्याच्या आदल्या पाळीतून किती वाजता सुटला होता, हे मस्टरमध्ये पाहा. मध्ये आठच तास निघाले, तर मेमो मागे घेण्याचे पत्र पर्सोनेलला लिहा, सुटण्याची व हजेरीची वेळ त्यात नमूद करा आणि त्या पत्राची प्रत स्वतः मशीनवर जाऊन त्याच्या हातात द्या.

तुमची,
ताई