एकच भूमितीचा पेपर, दोघांचे वेगळे गुण

‘दहावीच्या पूर्वपरीक्षेत भूमितीचा पेपर दोन्ही तुकड्यांना एकच होता. अ तुकडी सरांनी तपासली, ब मी. माझ्या मुलांना कमी गुण पडले. पालक म्हणतात, बाई फार कडक आहेत. मी थोडं सैल तपासायला हवं का?’

सैल नको. माझ्याकडे अशीच एक जोडी आली होती. बाई रडवेल्या झाल्या होत्या आणि सर थोडे चिडलेले. शाळेने सुचवलेला तोडगा होता की ब तुकडीला सरसकट चार गुण वाढवून टाकावेत. मी विरोध केला. ज्या मुलाने प्रमेय लिहिलंच नाही, त्यालाही ते चार गुण मिळाले असते.

मी दोन्ही तुकड्यांतल्या सहा उत्तरपत्रिकांच्या, लाल शाई लागलेली नाही अशा, प्रती मागवल्या. नावं झाकली. दोघांनी वेगवेगळ्या खोलीत बसून तपासायचं, पेपरवर खूण करायची नाही आणि प्रत्येक प्रश्नाचे गुण स्वतंत्र कागदावर मांडायचे, असं ठरलं. मला बेरजेपेक्षा प्रश्नवार गुण हवे होते. एका पेपरला दोघांनीही 40 पैकी 31 दिले तेव्हा सर म्हणाले, ‘हा तर जुळला!’ पण आत पाहिलं तर प्रमेयात बाईंनी दीड गुण जास्त कापला होता आणि सरांनी तीन ठिकाणी ‘चौसेमी’ लिहिलं नाही म्हणून अर्धा-अर्धा. बेरीज योगायोगाने सारखी आली होती. त्या क्षणी बाईंचा चेहरा सैल झाला. कडक दोघंही होते, फक्त जागा वेगळ्या होत्या.

सर्वांत बोलका पेपर 27 आणि 23 चा होता. चार गुणांचा फरक तीनच प्रश्नांत होता.

पहिला, स्पर्शिकाखंडाच्या प्रमेयाचा, तीन गुणांचा. मुलीने आकृती, पक्ष, साध्य आणि पायऱ्या नीट लिहिल्या, पण कंसातली कारणं गाळली. सरांचे तीन, बाईंचे दीड. मी विचारलं, कोणत्या कारणाशिवाय सिद्धता उभीच राहत नाही? बराच वाद झाला. शेवटी दोन कारणं ठरली: कोन काटकोन का, तर स्पर्शिका-त्रिज्या प्रमेयामुळे, आणि त्रिकोण एकरूप कोणत्या कसोटीने, तर कर्ण-भुजा. ती नसतील तर प्रत्येकी अर्धा गुण कमी. ‘सामाईक बाजू’ आकृतीत दिसतेच, तिथे कापायचं नाही. दोन गुण ठरले.

दुसरा शंकूछेदाचा, चार गुणांचा. त्रिज्या 15 आणि 7, उंची 15 सेमी, वक्रपृष्ठफळ काढायचं. मुलीने 225 + 64 = 289 बरोबर लिहिलं, पण वर्गमूळ 17 ऐवजी 19 घेतलं. पुढे 3.14 × 22 × 19 = 1312.52. खरं उत्तर 1174.36. बाईंनी उत्तर चूक म्हणून फक्त पहिल्या सूत्राचा एक गुण दिला, सरांनी तीन. इथे सर बरोबर होते. 19 धरलं तर पुढचं सगळं अचूक आहे, म्हणजे चूक एकच, आणि तिची शिक्षाही एकदाच. पण याला मर्यादा घालावी लागते. एखाद्याने तिरकी उंची काढलीच नाही, सरळ 15 घेतली, तर त्याने अवघड पायरी टाळली. त्या पायरीचे दोन्ही गुण जातात.

तिसरी रचना. स्पर्शिका अचूक, पण कंपासचे कंस खोडलेले. बाईंनी अर्धा कापला, सरांनी नाही. कंस नसतील तर कोन कंपासने घेतला की कोनमापकाने, हे कळणार कसं? इथे बाईंचं मत टिकलं. दोघांच्या हिशोबाने तो पेपर साडेपंचवीसवर आला. 27 आणि 23 ची सरासरी काढली असती तर 25 आले असते, आणि मुलीचा अर्धा गुण विनाकारण गेला असता.

एककाबाबतही ठरलं: पूर्ण पेपरात एकदाच अर्धा. हे सगळं त्यांनी आदर्श उत्तरपत्रिकेच्या समासात लिहिलं आणि सहा नवे पेपर पुन्हा स्वतंत्रपणे तपासले. आता कुठल्याही प्रश्नात अर्ध्या गुणापलीकडे फरक नव्हता. मगच दोन्ही गठ्ठे पुन्हा उघडले. वादाचे प्रश्न सगळ्याच मुलांचे पाहिले, तक्रार केलेल्यांचेच नव्हे. एका वेळी एकच प्रश्न घेऊन, सगळ्या पेपरांत तोच. पूर्ण पेपर एकामागून एक तपासला की चाळिसाव्या पेपरापर्यंत हात नकळत बदलतो. म्हणून दर दहा पेपरांनंतर ते एक पेपर एकमेकांकडे द्यायचे.

ब तुकडीत बऱ्याच मुलांचे गुण वाढले. अ तुकडीत काहींचे कमी झाले, आणि ते सांगणं खरं कठीण होतं. सरांनी ते स्वतः वर्गात उभं राहून सांगितलं, समासातल्या टिपा फळ्यावर लिहून. बाई दाराशी उभ्या होत्या.