156 हा आकडा तुमच्या मुलाचा नाही

*"माझा मुलगा नववीत आहे, वय 14 पूर्ण. पोलीस भरतीचे वेड आहे, रोज पहाटे मैदानावर जायचा. माझी उंची 162 सें.मी., त्याच्या आईची 150. सरासरी 156 येते आणि भरतीला 165 लागते. त्यामुळे मी त्याचे मैदान बंद केले आणि लातूरला नीटच्या क्लासला घालायचे ठरवले. तो आठ दिवसांपासून बोलत नाही. त्याची उंची सध्या 149 आहे, वर्षभरापूर्वी 144 होती. अजून मिसरूड नाही. मी योग्य केले ना?" — एक वडील, सेलू (जि. परभणी)*

सप्रेम नमस्कार.

नाही, योग्य केले नाही. मुलाच्या उंचीपेक्षा मला त्याच्या आठ दिवसांच्या मौनाची काळजी अधिक वाटते. ज्या गोष्टीवर त्याचा काहीही ताबा नाही, तिच्या आधारे तुम्ही त्याला नापास ठरवलेत, आणि तेही चुकीच्या गणिताने.

आई-वडिलांच्या उंचीची नुसती सरासरी काढायची नसते. पुरुष आणि स्त्रियांच्या सरासरी उंचीत सुमारे 13 सें.मी.चा फरक असतो, म्हणून मुलासाठी आईच्या उंचीत 13 मिळवून मग वडिलांच्या उंचीशी सरासरी काढतात. मुलीसाठी वडिलांच्या उंचीतून 13 वजा करतात. तुमच्या घरचा हिशेब असा होतो: आईचे 150 अधिक 13 म्हणजे 163, त्यात तुमचे 162 मिळवून निम्मे केले की 162.5. पहिल्याच पायरीवर तुम्ही मुलाचे साडेसहा सेंटिमीटर हिरावून घेतलेत.

तरीही 162.5 हे त्याचे भविष्य नव्हे, आणि नेमका हाच गैरसमज मला मोडायचा आहे. हा आकडा एका पट्ट्याचा मध्यबिंदू आहे. तो पट्टा दोन्ही बाजूंना साधारण साडेआठ सें.मी. पसरतो, म्हणजे तुमच्या मुलासाठी 154 ते 171. एकाच आई-वडिलांच्या सख्ख्या भावांच्या उंचीत चार बोटांचा फरक आपण घरोघरी पाहतो, तो याच पट्ट्यात मावतो. बहुतेक मुले मध्याजवळ थांबतात, टोकाला थोडी जातात. त्या हिशेबाने तुमच्यासारख्या दांपत्याच्या दहा मुलांपैकी सुमारे तिघे 165 ओलांडतील. मी खात्री देत नाही, पण दहात तीन म्हणजे शून्य नव्हे. शिवाय तुम्हा दोघांपैकी कोणाचे बालपण अर्धपोटी किंवा सतत आजारपणात गेले असेल, तर तुमची आजची उंची तुमच्या आनुवंशिक क्षमतेपेक्षा कमी असू शकते, आणि मग हे सूत्र मुलालाही खाली ओढते. आपल्या भागातल्या कोरडवाहू घरांत ही शक्यता बाजूला सारता येत नाही.

या सूत्राची सर्वांत मोठी मर्यादा मात्र वेगळीच आहे: ते मुलाकडे पाहतच नाही. तो आज किती उंच आहे, किती वेगाने वाढतो आहे, वयात आला आहे की नाही, यांपैकी काहीही त्यात येत नाही. तुमच्या पत्रातली खरी महत्त्वाची माहिती तिथेच आहे. वर्षाला 5 सें.मी. हा वयात येण्याआधीचा नेहमीचा वेग आहे. मुलांची मोठी उसळी, वर्षाला नऊ-दहा सें.मी.ची, त्यानंतर येते. ती अजून आलेली नसेल, तर त्याची बरीच वाढ शिल्लक आहे. मिसरूड हे उशिराचे चिन्ह असल्याने त्यावरून निर्णय करू नका. मात्र 14 पूर्ण होऊनही वयात येण्याची सुरुवात झाली नसेल, तर बालरोगतज्ज्ञांनी तपासायला हवे. ते डाव्या हाताच्या पंजा-मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचे वय सांगतील. हाडे बारा वर्षांची निघाली, तर वाढीला अजून वेळ आहे. चौदा-पंधराची निघाली, तर कमी. या अंदाजातही चूक राहते, पण तो निदान तुमच्या मुलाबद्दलचा असतो.

जाताना तिघांची उंची नव्याने मोजा, ऐकीव आकडे नेऊ नका. अनवाणी, टाचा भिंतीला, नजर समोर, डोक्यावर सपाट पाटी, आणि दर वेळी सकाळीच, कारण संध्याकाळपर्यंत माणूस साधारण एक सेंटिमीटरने खाली बसतो. शाळेच्या नोंदीतली जुनी मापे मिळाली तर तीही न्या. लटकण्याच्या व्यायामाने किंवा बाजारातल्या पावडरीने हाडे वाढत नाहीत; त्यावर पैसे घालवू नका.

भरतीची वाट बारावीनंतर, वयाच्या अठराव्या वर्षी सुरू होते, तोवर अभ्यासही चालू राहतो. नीटचा विषय त्याला डॉक्टर व्हायचे असेल तरच काढा, उंचीवरचा तोडगा म्हणून नव्हे. आणि मैदान उद्या पहाटेपासून सुरू करा. त्याला सांगा की बाबांनी हिशेब चुकीचा मांडला होता, आणि 162.5 व दोन्हीकडचे साडेआठ त्याच्याच हाताने कागदावर मांडून घ्या.