अर्धवट गोदाम: पूर्ण करावं की विकावं?

प्रश्न: लातूरजवळ 10,000 चौरस फुटांचं गोदाम बांधतोय. जागेसकट 42 लाख गेले, त्यात 12 टक्क्यांचं कर्जही आहे. सांगाडा उभा आहे; पत्रे, कोबा, शटर बाकी. ठेकेदार आणखी 30 लाख सांगतो. आत्ता थांबलो तर तो उचलीतले 2 लाख परत देईल. एक व्यापारी आहे तसं घेतोय, खर्च जाऊन हाती 28 लाख येतील. भाडं महिन्याला फुटाला 10 रुपये मिळेल म्हणतात. 42 लाख बुडू द्यायचे का?

उत्तर: ते 42 लाख पूर्ण केलं तरी गेले आणि विकलं तरी गेले, म्हणून हिशेबाच्या वहीत ते घेऊच नका. पण लोक इथे उलटी चूकही करतात. जुना खर्च सोडून द्यायचा म्हणतात आणि फक्त पुढचे 30 लाख धरतात. मग भाडं फारच गोड दिसतं.

गोदाम पूर्ण करायचं तर व्यापाऱ्याचे 28 लाख आणि ठेकेदाराकडून परत येणारे 2 लाख, दोन्ही सोडावे लागतात. त्यामुळे तुमची आजची खरी गुंतवणूक 30 अधिक 28 अधिक 2, म्हणजे 60 लाख.

आता भाडं. सोयाबीनचा हंगाम सोडला की गोदामं काही काळ रिकामी पडतात, म्हणून मी वर्षाचे दहाच महिने धरतो: 10 लाख. विमा, मालमत्ता कर, राखणदार, डागडुजी यांचे दीड लाख वजा केले की साडेआठ उरतात. साठ लाखांवर हे सव्वाचौदा टक्के होतात, कर्जाच्या 12 टक्क्यांपेक्षा जास्त. गंमत अशी की 42 आणि 30 मिळून 72 लाख धरले असते, तर परतावा बारा टक्क्यांच्याही खाली दिसला असता आणि चांगला सौदा तुम्ही सोडला असता.

कर्जाचा हप्ता वेगळा धरू नका. विकलंत तरी ते कर्ज त्याच 28 लाखांतून फेडायचं आहे, ते आकड्यात आलंच. जुने 42 लाख फक्त एका ठिकाणी उपयोगी पडतात: तोट्यात विकल्यास तो भांडवली तोटा ठरतो आणि दुसरीकडे भांडवली नफा असेल तर नियमांनुसार त्यातून वळता होतो. तसा नफा असेल तर सीएकडून करातली बचत काढून घ्या आणि ती 28 लाखांत मिळवा.

माझा कल पूर्ण करण्याकडे आहे, पण 'म्हणतात' या शब्दावर नाही. भाडं 8 रुपयांवर आलं तर परतावा पावणेअकरा टक्के, म्हणजे विकलेलं बरं. बरोबरीचा दर साधारण 8 रुपये 70 पैसे. ठेकेदाराचे 30 लाख 36 झाले, तर तो 9 रुपये 40 पैशांवर जातो. म्हणून पत्रे चढवण्याआधी एखाद्या भाडेकरूकडून दराचं लेखी पत्र घ्या आणि ठेकेदाराकडून कामाच्या बाबींनुसार बांधील दरपत्रक. व्यापाऱ्याला तोवर नाही म्हणू नका.