जाहिरातीतला कार्पेट एरिया आणि खरा दर

पहिल्यांदाच फ्लॅट शोधतोय. फ्रीहोल्ड, कार्पेट एरिया, एन सुइट म्हणजे काय?

सगळ्यात आधी कार्पेट एरिया, म्हणजे घराच्या आत प्रत्यक्ष वापरायला मिळणारी जागा, विचारा. रेरा कायद्यानुसार त्यात घरातल्या आतल्या भिंती धरतात; बाहेरच्या भिंती, डक्ट आणि बाल्कनी धरत नाहीत. समजा, जाहिरातीत १००० चौरस फूट सुपर बिल्ट-अप, म्हणजे भिंती, बाल्कनी आणि जिना-लिफ्टसारख्या सामाईक जागेचा वाटा धरून, आणि दर चौरस फुटाला ९,००० रुपये आहे, म्हणजे ९० लाख. करारनाम्याच्या मसुद्यात कार्पेट ६५० निघाला, तर खरा दर जवळजवळ १३,८५० पडतो. दोन फ्लॅटची तुलना याच दराने करा. आकडा चौरस मीटरमध्ये असेल तर १०.७६४ ने गुणा.

फ्रीहोल्ड म्हणजे जमीन कायमच्या मालकीची. भाडेपट्ट्याची असेल, तर मुदत किती उरलीय आणि विकताना कोणाची परवानगी लागते, हे नक्की विचारा. एन सुइट म्हणजे बेडरूमला जोडलेलं बाथरूम, एवढंच.