क्लिया या प्रकाश मोजणाऱ्या रक्ततपासणीत थायरॉइडशी निगडित टीएसएच सँडविच पद्धतीने आणि एफटी४, म्हणजे रक्तातला मोकळा टी४ हार्मोन, कॉम्पिटिटिव्हने का मोजतात?

रेणूच्या आकारामुळे. टीएसएच मोठं प्रथिन आहे, त्यावर दोन अँटीबॉडी एकाच वेळी बसतात: एक चुंबकीय कणाला धरून ठेवते, दुसरीवर ॲक्रिडिनियमसारखं प्रकाश देणारं लेबल असतं. धुतल्यावर ते चेतवणारं ट्रिगर द्रावण घातलं की जितका प्रकाश, तितकं टीएसएच. एचसीजी, फेरिटिनही असंच.

टी४ इतका लहान की दुसऱ्या अँटीबॉडीला जागाच उरत नाही. म्हणून नमुन्यातला आणि लेबल लावलेला टी४ अँटीबॉडीवरच्या मोजक्या जागांसाठी झगडतात. प्रकाश जास्त म्हणजे टी४ कमी. कॉर्टिसॉलचंही तेच.

किटमध्ये अँटीबॉडी कणाला बायोटिन-स्ट्रेप्टाव्हिडिन या जोडीने चिकटवत असतील, तर केसांसाठी घेतलेली १० मिग्रॅ बायोटिनची गोळी दोन्हीकडे प्रकाश घटवू शकते: टीएसएच खोटं कमी, एफटी४ खोटं जास्त. धडधाकट माणसाचा रिपोर्ट हायपरथायरॉइडसारखा दिसतो! गोळी दोन दिवस थांबवून नमुना पुन्हा घ्या.